बाळाला निळा झटका आला तर काय करायचं, आणि ऑपरेशन कधी: फॅलॉट टेट्रालॉजी असलेल्या बाळाच्या आईवडिलांसाठी

‘टॉफ’ म्हणजे फॅलॉट टेट्रालॉजी, हृदयाचा जन्मजात आजार. या आजाराचं निदान झालेलं बाळ घरी आलं की बहुतेक आईवडील सॅच्युरेशनच्या, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या आकड्याकडे डोळे लावून बसतात. झटका मात्र त्या आकड्याला विचारून येत नाही. सकाळी हसत उठलेलं बाळ काही मिनिटांत जांभळं पडू शकतं. त्या वेळी घरात जे घडतं त्यात चुका ठरलेल्या असतात: बाळाला हलवणं, तोंडात पाणी किंवा दूध घालणं, मशीन शोधत बसणं, आणि रंग परत आला की ‘बरं झालं, थांबलं’ म्हणून कुणालाच न कळवणं. शेवटची चूक सर्वांत महागात पडते. झटका आला की ऑपरेशनची आधी ठरलेली तारीख पुन्हा तपासावी लागते, आणि डॉक्टरांना झटका कळलाच नाही तर ती कुणी तपासत नाही.

म्हणून लेखाचा क्रम असा ठेवला आहे: झटका का येतो, तो यायच्या आधी काय तयारी हवी, तो चालू असताना काय करायचं, नंतर काय, आणि ऑपरेशनची वेळ कशी ठरते.

## १. आधी एवढं समजून घ्या: झटका का येतो

या बाळांच्या हृदयात चार दोष एकत्र असतात. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र असतं. उजव्या कप्प्यातून फुफ्फुसाकडे जाणारा रस्ता अरुंद असतो. कधी स्नायूमुळे, कधी झडपेमुळे, कधी पुढच्या धमनीमुळे, आणि बऱ्याचदा तिन्ही ठिकाणी थोडाथोडा. महाधमनी नेहमीच्या जागेपेक्षा सरकून छिद्राच्या बरोबर वर आलेली असते. चौथा दोष म्हणजे उजव्या कप्प्याची जाड झालेली भिंत. ती अरुंद रस्त्यातून जोर लावून रक्त ढकलल्यामुळे जाड होते, म्हणजे पहिल्या तिघांचा परिणाम असते.

अशुद्ध रक्ताला उजव्या कप्प्यातून बाहेर पडायला दोन वाटा असतात: अरुंद वाटेने फुफ्फुसाकडे, किंवा छिद्रातून थेट महाधमनीत. जी वाट सोपी, तिकडे रक्त जास्त वळतं. बाळ फार रडलं, ताप आला, शरीरातलं पाणी कमी झालं की उजव्या कप्प्याचा बाहेरचा रस्ता आणखी आवळला जाऊ शकतो, किंवा शरीराच्या रक्तवाहिन्या सैलावून महाधमनीची वाट जास्त सोपी होते. बरेचदा दोन्ही एकदम होतं. मग फुफ्फुसाकडे रक्त जवळजवळ जातच नाही. ऑक्सिजन घटला की बाळ जोरजोरात श्वास घेऊ लागतं, त्यामुळे आणखी अशुद्ध रक्त हृदयाकडे खेचलं जातं आणि झटका वाढत जातो.

पुढची प्रत्येक कृती या एकाच गोष्टीवर आधारलेली आहे: रक्त पुन्हा फुफ्फुसाकडे वळवायचं. घरी ऑक्सिजनचा सिलिंडर असला तरी त्याचा उपयोग मर्यादित का, तेही यातून कळतं. फुफ्फुसात ऑक्सिजन भरपूर असला, पण तिथे रक्तच पोहोचत नसेल, तर तो घेणार कोण?

झटके साधारण दोन ते सहा महिन्यांच्या वयात जास्त दिसतात. सकाळी उठल्यावर, दूध पिताना, शी करताना, लांब रडण्यानंतर ते यायची शक्यता अधिक असते. पण जन्मापासून गुलाबी दिसणाऱ्या टॉफच्या बाळालाही झटका येऊ शकतो. ‘आमचं बाळ निळं नाही’ ही खात्री धरून चालू नका.

## २. झटक्याआधीची तयारी

सगळ्यात आधी बाळाचा नेहमीचा रंग ओळखायला शिका. ओठांच्या आतली बाजू, जीभ आणि हिरड्या दिवसाच्या उजेडात रोज बघा. थंडीत हातपाय निळसर होणं लहान बाळांमध्ये सर्रास दिसतं आणि त्यावरून काही ठरत नाही. बाळाचा वर्ण सावळा असेल तर चेहऱ्याच्या त्वचेवरून तर मुळीच ठरवू नका.

पल्स ऑक्सिमीटर वापरत असाल तर बाळ शांत असताना, पाऊल उबदार असताना, आकडा स्थिर होईपर्यंत थांबून मोजा. हृदयाच्या ठोक्यांचा आकडा विश्वासार्ह दिसत नसेल तर सॅच्युरेशनचाही नसतो. तुमच्या बाळासाठी कोणता आकडा चालेल आणि किती खाली गेल्यावर फोन करायचा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. उपचार न झालेल्या टॉफमध्ये हा आकडा बाळागणिक खूप वेगळा असतो. दुसऱ्या बाळाच्या आकड्याशी तुलना करून घाबरू नका, आणि निर्धास्तही होऊ नका.

मग झटक्याची स्थिती शांतपणे करून बघा, झटका नसताना. बाळाला पाठीवर झोपवा, दोन्ही गुडघे वाकवून छातीकडे न्या आणि तिथेच धरून ठेवा. दुसरी पद्धत बाळाला खांद्याशी घेण्याची: एक हात त्याच्या कुल्ल्यांखाली, गुडघे तुमच्या छातीत आणि त्याच्या पोटात दाबलेले. घरात बाळाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ही एकदा तरी करून पाहायला हवी. एकट्या आईला येत असेल तर ती अंघोळीला गेली असतानाच बाळाला झटका येतो.

या स्थितीने नेमकं काय होतं? मांड्यांमधल्या धमन्या दबतात आणि शरीराकडे जाणाऱ्या रक्ताला विरोध वाढतो. महाधमनीची सोपी वाट अवघड होते आणि काही रक्त पुन्हा फुफ्फुसाकडे वळतं. मोठी मुलं खेळता खेळता उकिडवी बसतात तेही याच कारणाने.

तपासून पाहा: हृदयरोगतज्ज्ञांचा आणि रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे का? रात्री कुठल्या रुग्णालयात जायचं हे ठरलं आहे का? सर्वांत जवळचं रुग्णालय आणि लहान मुलांच्या हृदयाचे डॉक्टर असलेलं रुग्णालय वेगळं असेल, तर झटक्याच्या वेळी आधी कुठे जायचं ते आजच विचारून ठेवा.

## ३. झटका चालू आहे: काय करायचं

सुरुवातीला बाळ बेचैन होतं, काही केल्या शांत होत नाही. श्वास खोल आणि भराभर होऊ लागतो. ओठ आणि जीभ निळी, मग राखाडी पडत जातात. झटका लांबला तर बाळ गळून जातं, हाक मारल्यावर डोळे उघडत नाही, काहींना आकडी येते.

१. बाळाला लगेच गुडघे-छाती स्थितीत घ्या. कपडे काढणं, मशीन लावणं, फोन शोधणं सगळं त्यानंतर.

२. जितकं शांत करता येईल तितकं करा. हळू आवाजात बोला, छातीशी घ्या. उजेड आणि गोंगाट कमी करा. खोलीत चार माणसं ओरडत असतील तर त्यांना बाहेर काढा.

३. दुसऱ्या माणसाला फोन करायला लावा. तुम्ही एकटे असाल तर फोन स्पीकरवर ठेवा आणि बाळाची स्थिती सोडू नका.

४. घड्याळ बघा. हे पुढे डॉक्टरांना फार उपयोगी पडतं.

५. बाळ गळलं, प्रतिसाद देईना किंवा आकडी आली, तर वाट न बघता रुग्णवाहिका. रंग दोन-तीन मिनिटांत परतायला लागला नाही तरीही रुग्णवाहिका. श्वासच थांबला तर गुडघे-छाती सोडून कृत्रिम श्वास आणि छातीवरचे दाब सुरू करा. हे शिकवायची विनंती रुग्णालयातून घरी सोडण्याआधीच करा.

हे करू नका: बाळाला जोरात हलवू नका, तोंडावर पाणी मारू नका, उलटं धरून पाठीवर थापटू नका. तोंडात काही घालू नका. जोरात श्वास घेणाऱ्या बाळाच्या फुफ्फुसात दूध जाऊ शकतं. झटके टाळण्यासाठी दिलेल्या प्रोप्रॅनोलॉल या औषधाचा जास्तीचा डोस स्वतःच्या मनाने देऊ नका.

गल्लत कुठे होते: रडता रडता श्वास धरून निळं पडणारी मुलंही असतात. त्यात बाळ रडतं आणि श्वास थांबतो. अर्ध्या-एका मिनिटात तो परत सुरू होतो आणि रंगही येतो. टॉफच्या झटक्यात श्वास थांबत नाही, उलट खोल आणि वेगाने चालू राहतो. पण टॉफचं निदान असलेल्या बाळात हा फरक घरी ठरवत बसू नका. दोन्हींत कृती एकच: गुडघे छातीशी आणि डॉक्टरांना फोन. श्वास थांबून राहिला तर मात्र वर सांगितलेले कृत्रिम श्वास आणि छातीवरचे दाब.

## ४. झटका थांबल्यावर

पहिलाच झटका असेल तर तो एका मिनिटात थांबला तरी त्याच दिवशी रुग्णालयात जा. रंग परत आला म्हणजे कारण गेलं असं नाही. पुढचा झटका त्याच आठवड्यात येऊ शकतो आणि तो जास्त लांबू शकतो.

रुग्णालयात पहिल्यांदा हीच गुडघे-छाती स्थिती देतात. मग ऑक्सिजन, बाळाला शांत करणारं औषध, बऱ्याचदा मॉर्फिन, आणि शिरेतून सलाइन. तरीही झटका थांबला नाही तर रक्तदाब वाढवणारं औषध आणि उजव्या कप्प्याचा आवळलेला रस्ता सैल करणारं बीटा ब्लॉकर देतात. डॉक्टर छातीवर स्टेथोस्कोप ठेवून हृदयाचा खरखर आवाज परत येण्याची वाट बघत असतात. हा आवाज फुफ्फुसाच्या अरुंद वाटेतून रक्त जाण्याचा असतो. झटक्यात तो मंद होतो किंवा गायब होतो. ‘आवाज कमी झाला म्हणजे सुधारणा’ असं इथे नसतं.

घरी सोडताना प्रोप्रॅनोलॉल लिहून दिलं असेल तर दोन गोष्टी पक्क्या करा. ते वेळेवर द्यायचं, झटका नाही म्हणून बंद करायचं नाही. आणि बाळ दूध घेत नसेल किंवा उलट्या होत असतील तर पुढचा डोस देण्याआधी फोन करायचा, कारण उपाशी बाळात हे औषध रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकतं.

## ५. झटक्याला खतपाणी घालणारी दोन कारणं

पहिलं कारण पाण्याची कमतरता. साधे जुलाब किंवा ताप, जो दुसऱ्या बाळात घरी सांभाळता येतो, तो इथे झटका आणू शकतो. उलट्या-जुलाब सुरू होताच फोन करा, लघवी किती वेळा झाली ते मोजा, उद्यापर्यंत थांबू नका. रक्त घट्ट झालेल्या बाळांमध्ये पाणी कमी झालं की मेंदूत रक्ताची गाठ अडकण्याचा धोकाही वाढतो.

दुसरं कारण जास्त फसवं आहे: लोह कमी असणं. सॅच्युरेशन कमी असलेल्या बाळाचं शरीर जास्त लाल पेशी बनवून भरपाई करतं, म्हणून अशा बाळाचं हिमोग्लोबिन चांगलं वर असायला हवं. चार महिन्यांच्या निरोगी बाळात ११ हा आकडा सर्वसाधारण आहे. सॅच्युरेशन ८० असलेल्या टॉफच्या बाळात तोच ११ म्हणजे रक्त कमी, आणि रक्त कमी असलं की झटके वाढतात. प्रयोगशाळेच्या कागदावर मात्र ‘नॉर्मल’ छापलेलं असतं. तो कागद हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि लोह सुरू करण्याआधी त्यांना विचारा.

## ६. ऑपरेशनची वेळ कशी ठरते

संपूर्ण दुरुस्तीत छिद्रावर पॅच शिवतात आणि उजव्या कप्प्यातून फुफ्फुसाकडे जाणारा रस्ता रुंद करतात: अडथळा आणणारा स्नायू कापतात, गरज पडली तर झडपेच्या वरून पॅच लावतात. महाधमनी जागेवरून हलवत नाहीत. छिद्र अशा रीतीने बंद करतात की डाव्या कप्प्याचं रक्त तिच्यात जाईल. जाड झालेली भिंत दाब उतरल्यावर हळूहळू बरी होते, तिच्यावर वेगळं ऑपरेशन नसतं.

बाळ स्थिर असेल, सॅच्युरेशन ठीक असेल, झटके नसतील, तर बहुतेक केंद्रं हे ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान, काही एका वर्षापर्यंत ठरवतात. फार लवकर केलं तर हृदय आणि धमन्या लहान असतात, झडप वाचवणं कठीण जातं आणि आयसीयूतला मुक्काम लांबतो. फार उशीर केला तर स्नायू जाड होत जातो, रक्त घट्ट होतं आणि झटक्यांचा धोका डोक्यावर राहतो. मधली वेळ निवडायची ती यामुळे.

जन्मानंतर लगेचच फुफ्फुसाकडे रक्त फार कमी जात असेल तर वेगळा विचार होतो. अशी काही बाळं जन्मतः उघडी असलेल्या एका लहान वाहिनीवर अवलंबून असतात. ती बंद होऊ नये म्हणून औषध चालू ठेवतात, मग स्टेंट किंवा शंट नावाची कृत्रिम नळी बसवतात. काही ठिकाणी थेट संपूर्ण दुरुस्तीही करतात. शंट म्हणजे अर्धी पायरी. शंट झालेल्या बाळाचं संपूर्ण ऑपरेशन बाकी आहे, हे घरातले विसरून जातात.

झटका आला की हे वेळापत्रक बदलतं. झटका येणारं बाळ ‘वजन वाढू दे, मग बघू’ या यादीत ठेवत नाहीत. औषध हा मधल्या दिवसांचा आधार आहे, ऑपरेशनचा पर्याय नाही. वजनाबद्दल एक स्पष्ट सांगतो: निळं पडणाऱ्या बाळाचं वजन न वाढण्याचं एक कारण हा आजारच असू शकतो. तेव्हा किती वजन होईपर्यंत थांबायचं आहे आणि तोवर झटका आला तर काय, हे दोन प्रश्न डॉक्टरांना थेट विचारा.

एक अपवाद मात्र खरा आहे. काही बाळांमध्ये हृदयालाच रक्त पुरवणारी एक धमनी बरोबर त्या ठिकाणावरून जाते जिथे रस्ता रुंद करायला छेद घ्यायचा असतो. काहींच्या फुफ्फुसाकडच्या धमन्या फारच बारीक असतात. तिथे आधी शंट किंवा स्टेंट, आणि मोठं ऑपरेशन नंतर, हा योग्य निर्णय असू शकतो. म्हणून इकोचा अहवाल हातात आल्यावर विचारा: कोरोनरी धमनी कुठून जाते, आणि फुफ्फुसाच्या दोन्ही धमन्या पुरेशा मोठ्या आहेत का? हे इकोत नीट दिसलं नाही तर सीटी स्कॅन सांगतात.

## ७. एक उदाहरण, पायरी पायरीने

समजा, एका बाळाचं निदान जन्मतः झालं. तेव्हा सॅच्युरेशन ९२, दोन महिन्यांनी ८८. ऑपरेशन सहाव्या महिन्यात ठरलं. साडेतीन महिन्यांचं असताना आकडा ८२ झाला. तो हळूहळू उतरतोय म्हणजे अडथळा वाढतोय. हा पहिला इशारा होता. पुढची भेट तीन आठवड्यांवर असल्याने कुणी कळवलं नाही.

एका सकाळी शी करताना बाळ खूप रडलं, ओठ जांभळे झाले, पाच मिनिटांत आपोआप थांबलं. घरच्यांना वाटलं पोटात दुखलं असेल. चार दिवसांनी तसंच झालं, पण यावेळी बाळ गळलं. खांद्याशी गुडघे दुमडून धरत रुग्णालयात पोहोचेपर्यंत सॅच्युरेशन ४५ होतं. ऑक्सिजन, मॉर्फिन, सलाइन आणि शेवटी बीटा ब्लॉकर दिल्यावर ते ८० वर आलं आणि खरखर परत ऐकू आली.

हिमोग्लोबिन ११.२ आलं. याच बाळासाठी ते कमी आहे हे ओळखून लोहाचा विचार झाला, प्रोप्रॅनोलॉल सुरू झालं. इकोत फुफ्फुसाच्या धमन्या पुरेशा होत्या, कोरोनरीचा अडसर नव्हता. त्यामुळे सहाव्या महिन्याची वाट न बघता त्याच मुक्कामात तपासण्या पूर्ण करून संपूर्ण दुरुस्ती केली गेली.

इथे निर्णय बदलायच्या तीन जागा होत्या: आकडा ८२ झाला तेव्हा, पहिल्या सकाळी, आणि दुसऱ्या वेळी. पहिल्या सकाळी फोन गेला असता तर तेच ऑपरेशन घाईगर्दीत न होता शांतपणे ठरलं असतं.

## ८. ऑपरेशनच्या दिवशी आणि नंतर

उपाशी ठेवण्याच्या वेळा रुग्णालय सांगेल. सर्वसाधारणपणे भुलीआधी आईचं दूध चार तास आणि पावडरचं दूध सहा तास आधी बंद करतात. टॉफच्या बाळात ठरवून दिलेल्या वेळेपेक्षा जास्त उपाशी ठेवणं हीच चूक ठरते, कारण पाणी कमी होतं आणि झटका येतो. सकाळचा पहिला नंबर मागा. नंबर पुढे ढकलला गेला तर नर्सना लगेच विचारा, की शिरेतून द्रव सुरू करायचं का. त्या दिवशीचा प्रोप्रॅनोलॉलचा डोस द्यायचा की नाही, हेही आदल्या रात्रीच विचारून घ्या.

लक्ष ठेवा: दुरुस्तीआधी बाळाला लावलेल्या प्रत्येक सलाइनच्या नळीत हवेचा बुडबुडा नको. इथे अशुद्ध रक्त फुफ्फुसांत गाळलं न जाता थेट मेंदूकडे जाऊ शकतं. नर्सना हे सांगायला संकोच करू नका.

घरी आल्यावर सहा ते आठ आठवडे बाळाला काखेत हात घालून उचलायचं नाही. एक हात मानेखाली आणि दुसरा कुल्ल्यांखाली घालून उचलायचं, कारण छातीचं हाड जुळत असतं. जखम लाल होणं, पाणी येणं, ३८ अंश सेल्सियसच्या वर ताप, दूध कमी घेणं, चेहरा पांढरा पडणं, श्वास भराभर होणं यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हृदयाभोवती पाणी साठू शकतं. त्याची सुरुवात अनेकदा नुसत्या चिडचिडीने आणि उलट्यांनी होते. पोट बिघडलं असेल म्हणून सोडून देऊ नका.

ऑपरेशनमध्ये रक्त किंवा प्लाझ्मा दिला असेल तर गोवराची आणि त्याबरोबरच्या सजीव लशी काही महिने लांबणीवर टाकाव्या लागतात. बालरोगतज्ज्ञांना लसीच्या कार्डासोबत डिस्चार्जचा कागदही दाखवा.

आणि तपासण्या आयुष्यभर. रस्ता रुंद करताना फुफ्फुसाकडची झडप बऱ्याचदा गळकी राहते. बाळ गुलाबी असतं, खेळतं, वर्षानुवर्षं काही जाणवत नाही, पण उजवा कप्पा हळूहळू मोठा होत राहतो. काहींना पौगंडावस्थेत किंवा तरुणपणी ती झडप बदलावी लागते. ते योग्य वेळी कळायला दर भेटीत इको आणि ईसीजी, पुढे हृदयाचा एमआरआय करतात. इकोचा प्रत्येक अहवाल आणि ऑपरेशनच्या नोंदी एका फाइलमध्ये ठेवा. पॅच झडपेच्या पलीकडे गेला होता का, हे पुढच्या डॉक्टरांना त्या नोंदींतूनच कळेल.